रक्ताची तारीख आणि लोहाचा हिशेब

थॅलेसेमिया मेजरचं निदान झालेल्या मुलांच्या आईवडिलांना एक रक्तविकारतज्ज्ञ डॉक्टर पत्र देतात. साध्या मराठीत लिहिलेलं, चार पानांचं. पहिल्या भेटीत त्या ते देत नाहीत. आजाराचं नाव कानावर पडल्यावर त्या दिवशी पुढचं काहीच ऐकू येत नाही, असा त्यांचा अनुभव आहे. पत्र हातात पडतं ते दुसऱ्या भेटीत, पहिलं रक्त चढवून झाल्यावर. त्यात धीर देणारी वाक्यं फारशी नाहीत. तारखा आहेत, मिलिलिटर आहेत आणि एक हिशेब आहे.

पत्र प्रत्येक घरासाठी थोडं बदलतं. इथे ज्या पत्राविषयी सांगायचं आहे, ते ११ महिन्यांच्या एका मुलीच्या आईवडिलांसाठी लिहिलेलं. मुलगी सहा महिन्यांपर्यंत अगदी ठणठणीत होती. मग दूध ओढताना दमायला लागली, तळवे पांढुरके दिसू लागले, वजन साडेसात किलोवर अडलं. घराजवळच्या दवाखान्यात लोहाचे थेंब सुरू झाले आणि दोन महिने चालले, पण हिमोग्लोबिन वाढायच्या ऐवजी ५.२ पर्यंत उतरलं. पोटात डाव्या बाजूला पाणथरी हाताला लागत होती. तिथून तिला मोठ्या रुग्णालयात पाठवलं गेलं. तिथे एक गोष्ट नेमकी वेळेवर झाली : रक्त चढवण्याआधी एचपीएलसी या तपासणीसाठी नमुना काढून ठेवला गेला. आधी रक्त चढवलं असतं तर दात्याचं हिमोग्लोबिन त्यात मिसळून निदान धूसर झालं असतं. अहवालात मुलीच्या रक्तातलं बहुतेक सगळं हिमोग्लोबिन गर्भावस्थेतलं निघालं. आईवडिलांच्या रक्तात एचबीए-२ हा घटक ५ टक्क्यांच्या वर होता. साडेतीनच्या वर गेला की वाहक असण्याची शक्यता धरतात. दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक. दोघांनाही आयुष्यात कधी काही त्रास झालेला नव्हता.

“आमच्यात हा आजार नसतो,” असं आजी म्हणाल्या होत्या, आणि पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात त्याला उत्तर आहे. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली अशा समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे हे खरं. पण महाराष्ट्रातल्या इतर अनेक समाजांतही वाहक आढळतात. दोन वाहकांचं लग्न झालं की प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. कुणाच्या खाण्यापिण्याचा, ग्रहणाचा किंवा कष्टांचा त्यात काही संबंध नाही.

मग पत्र आजाराकडे वळतं. हिमोग्लोबिन दोन प्रकारच्या साखळ्यांचं बनतं, अल्फा आणि बीटा. बीटा साखळीची जनुकं ११व्या गुणसूत्रावर असतात. एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. या मुलीत दोन्ही बिघडलेली आहेत. जन्मानंतरचे काही महिने गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन काम भागवतं, कारण त्याला बीटा साखळी लागतच नाही. ते ओसरलं की उघडं पडतं. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या लाल पेशींत साचतात आणि बहुतेक पेशी हाडांच्या मगजातच मरतात. शरीराला वाटतं रक्त कमी पडतंय, म्हणून मगज आणखी जोर लावतो, फुगतो. कपाळ आणि गालांची हाडं पुढे येतात, बाकीची हाडं पातळ होतात, पाणथरी वाढते. एवढं करूनही रक्त तयार होत नाही ते नाहीच.

इथे डॉक्टर एक वाक्य अधोरेखित करतात : “आपण रक्त फक्त हिमोग्लोबिन वाढवायला चढवत नाही, तिच्या मगजाचा हा वाया जाणारा खटाटोप थांबवायला चढवतो.” पुढचं सगळं वेळापत्रक या वाक्यातून निघतं. मूल तगायला हिमोग्लोबिन ७ असलं तरी चालतं. मगज शांत राहायला मात्र पुढचं रक्त चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान असावं लागतं. म्हणून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी हीच पट्टी ठरवली आहे. याहून खाली ठेवलं तर चेहरा बदलतो, उंची खुंटते. फार वर ठेवलं तर रक्त जास्त लागतं आणि त्याबरोबर लोहही.

नियमित रक्त कधी सुरू करायचं, यालाही नियम आहे. एकदा हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून लगेच आयुष्यभराचं वेळापत्रक आखत नाहीत. ताप, संसर्ग यांनीही ते तात्पुरतं उतरतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त अंतराने दोनदा ७च्या खाली आलं, किंवा ७च्या वर असूनही वाढ खुंटली, हाडं बदलू लागली, तर सुरुवात करायची. या मुलीचं वजन अडलेलं, पाणथरी वाढलेली आणि दोन्ही तपासण्यांत हिमोग्लोबिन ७च्या खाली. निर्णय सोपा होता. पहिल्या वेळी मात्र घाई केली नाही. इतक्या कमी हिमोग्लोबिनची सवय झालेल्या हृदयावर एकदम भार पडू नये म्हणून थोडं थोडं रक्त दोन वेळा सावकाश चढवलं.

पुढचं गणित पत्रात तिच्या वजनावरून मांडलं आहे. किलोमागे साधारण १५ मिलिलिटर लाल पेशी चढवल्या की हिमोग्लोबिन सुमारे ४ अंकांनी वर जातं, म्हणजे साडेनऊवरून साडेतेराच्या आसपास. मग दर आठवड्याला साधारण एक अंक उतरतो. चार आठवड्यांनी पुन्हा साडेनऊ. मुलगी आठ किलोची झाली की एका वेळी १२० मिलिलिटर, दहा किलोची झाली की १५०. मोठेपणी अंतर तीन किंवा दोन आठवड्यांवरही येतं, कारण एका दिवशी किती रक्त देता येईल याला मर्यादा आहे.

रक्ताचा दिवस कसा जातो, हे पत्र बारकाईने सांगतं. आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी क्रॉसमॅचसाठी नमुना द्यायचा. हे दर वेळी लागतं. मागच्या महिन्यात जुळलं म्हणून या महिन्यात जुळेलच असं नाही. सकाळी वजन, उंची आणि रक्त चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन. रक्तपेढीतून येते ती पूर्ण रक्ताची पिशवी नसते. द्रव आणि बाकीचे घटक काढून उरलेल्या लाल पेशी असतात. त्यातल्या पांढऱ्या पेशी गाळून काढलेल्या असाव्यात, रक्तपेढीतच किंवा निदान खाटेजवळ फिल्टर लावून. त्या राहिल्या की थंडी वाजून ताप येतो. वेग किलोमागे ताशी ५ मिलिलिटर, म्हणून १२० मिलिलिटरला सुमारे तीन तास लागतात. फ्रिजमधून बाहेर काढल्यापासून चार तासांत पिशवी संपायला हवी, नाहीतर तिच्यात जंतू वाढण्याचा धोका असतो.

पहिली १५ मिनिटं सर्वांत महत्त्वाची. त्या वेळात आईने मोबाईल बाजूला ठेवून मुलीकडे बघत बसावं, असं डॉक्टर लिहितात. अंगावर गांधी उठल्या, हुडहुडी भरली, श्वास जोरात होऊ लागला, मूल विनाकारण अस्वस्थ झालं किंवा लघवी गडद आली, तर सिस्टरना लगेच सांगायचं. रक्त तिथेच थांबवतात. सुई काढत नाहीत, सलाईन चालू ठेवतात आणि पिशवीवरचं नाव आणि गट पुन्हा तपासतात. पिशवी जोडण्याआधी त्यावरचा गट आणि क्रमांक आईवडिलांनीही वाचावा, हा या डॉक्टरांचा आग्रह आहे. त्यामुळे कर्मचाऱ्यांवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं असं पालकांना वाटतं. तसं काही नाही. चुकीची पिशवी लागणं हा रक्त चढवण्यातला सर्वांत टाळता येण्याजोगा अपघात आहे, आणि तो टाळायला जितके डोळे जास्त तितकं बरं.

पहिल्या पिशवीच्याही आधी करायची एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी राहून जाते. ए, बी, ओ आणि आरएच पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढंच आपण रक्तगट म्हणून ओळखतो, पण लाल पेशीवर आणखी बऱ्याच खुणा असतात. त्यातल्या आरएच गटाच्या सी आणि ई या खुणा आणि केल नावाची खूण मुलीच्या रक्तात आहेत की नाहीत, हे आधीच तपासून ठेवावं लागतं. दात्याच्या पेशींवर तिच्याकडे नसलेली खूण आली तर तिचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवू शकतं. मग पुढे जुळणारं रक्त शोधायला दिवसच्या दिवस जातात. एकदा रक्त चढलं की ही तपासणी साध्या पद्धतीने नीट करता येत नाही, कारण नमुन्यात दात्याच्या पेशी मिसळलेल्या असतात.

वहीचं पान कसं आखायचं, हेही पत्रातच दिलं आहे. तारीख, वजन, आधीचं हिमोग्लोबिन, पिशवीचा क्रमांक, किती मिलिलिटर, काही त्रास. वर्षाच्या शेवटी सगळ्या मिलिलिटरची बेरीज करून वजनाने भागायचं. हा आकडा फार बोलका आहे. वर्षाला किलोमागे २०० मिलिलिटरच्या वर रक्त लागू लागलं, किंवा चार आठवडे टिकणारं रक्त अडीच आठवड्यांत संपू लागलं, तर काहीतरी बिनसलं आहे. एक तर प्रतिपिंडं तयार होऊन चढवलेल्या पेशी फुटत आहेत, नाहीतर पाणथरी मोठी होऊन पेशी गिळते आहे. दोन्हींचे उपाय वेगळे, पण दोन्ही आधी वहीत दिसतात आणि नंतर मुलीच्या चेहऱ्यावर.

तारीख पुढे ढकलू नका, हे पत्र तीनदा सांगतं. साडेआठ हिमोग्लोबिनवरही ही मुलं खेळतात, हसतात, त्यामुळे “बरी दिसतेय, पुढच्या सोमवारी नेऊ” असं म्हणायचा मोह होतो. शिवाय एप्रिल-मेमध्ये आणि दिवाळीत महाविद्यालयांना सुट्ट्या लागतात, शिबिरं थांबतात आणि राज्यातल्या रक्तपेढ्यांत टंचाई होते. त्या दोन महिन्यांची सोय मार्चमध्येच करून ठेवावी, रक्तपेढीला तारखा आधी कळवाव्यात. थॅलेसेमियाच्या रुग्णांकडून रक्ताचं प्रक्रियाशुल्क घ्यायचं नाही, असं राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेचं धोरण आहे. त्यासाठी लागणारं ओळखपत्र पहिल्या महिन्यातच करून घ्यायचं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे, त्याचंही प्रमाणपत्र काढून ठेवायचं.

इथपर्यंत पत्र कोणत्याही चांगल्या माहितीपत्रकासारखं आहे. त्याचं वेगळेपण दिसतं तिसऱ्या पानावर. तिथे डॉक्टर अक्षरशः जमाखर्च मांडतात.

चढवलेल्या रक्तात लोह असतंच, कारण हिमोग्लोबिन लोहाशिवाय बनत नाही. निव्वळ लाल पेशींच्या एका मिलिलिटरमध्ये १.०८ मिलिग्रॅम. पिशवीत थोडं द्रवही असतं, म्हणून हिशेबाला मिलिलिटरमागे साधारण ०.६५ मिलिग्रॅम धरायचं. दहा किलोच्या मुलीला १५० मिलिलिटर दिलं की ९७ मिलिग्रॅम लोह आत आलं. चार आठवड्यांनी एकदा, म्हणजे वर्षातून १३ वेळा. झालं जवळपास १,२६० मिलिग्रॅम. आता खर्चाची बाजू. मोठ्या माणसाच्या शरीरातून रोज एक ते दोन मिलिग्रॅम लोह बाहेर पडतं, लहान मुलाच्या त्याहून कमी. तेही अन्नातून भरून निघतं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची कोणतीही यंत्रणा माणसाच्या शरीराला नाही. मूत्रपिंडं ते काढत नाहीत, घामातून ते जात नाही. धडधाकट मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असतं. ही मुलगी औषधाशिवाय राहिली तर तीन वर्षांत तेवढं फक्त पिशव्यांतून साठेल.

हे लोह आधी यकृतात जाऊन बसतं. रक्तातून लोह वाहून नेणारी प्रथिनं पूर्ण भरली की उरलेलं लोह मोकळं फिरू लागतं, आणि हृदय, स्वादुपिंड, मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी यांच्या पेशींत शिरतं. तिथे ते पेशी जाळतं. पीयूषिकेवर परिणाम झाला की वयात येणं लांबतं किंवा येतच नाही. स्वादुपिंडावर झाला की मधुमेह. हृदयावर झाला की ठोके बिघडतात आणि शेवटी हृदय थकतं. या सगळ्याला वर्षं लागतात आणि त्या वर्षांत मूल बाहेरून उत्तम दिसतं. रक्त कमी झालं तर आईला चेहऱ्यावर दिसतं. लोह वाढलं तर कुणालाच काही दिसत नाही. म्हणून रक्ताची तारीख सहसा कुणी चुकवत नाही आणि औषध मात्र चुकतं. डॉक्टरांचा सगळा जोर या एका फरकावर आहे, आणि तो योग्यच आहे.

औषध पहिल्या दिवसापासून देत नाहीत. शरीरात जास्तीचं लोह नसताना दिलं तर ते वाढीला लागणाऱ्या इतर धातूंवर आणि हाडांवर परिणाम करू शकतं. १० ते २० वेळा रक्त चढून झालं, किंवा फेरिटिन हे लोहसाठा दाखवणारं प्रथिन १,०००च्या वर गेलं की सुरुवात होते. या मुलीच्या बाबतीत ती दोन वर्षांची होईल त्या सुमारास. तोवर १३-१४ वेळा रक्त चढलेलं असेल आणि साधारण एक ग्रॅम लोह जमा झालेलं असेल.

पहिलं औषध बहुधा डेफरासिरॉक्स असेल, दिवसातून एकदा तोंडाने. पाण्यात विरघळणाऱ्या गोळीची सुरुवातीची मात्रा किलोमागे २० मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोला २००. आता पत्रातला हिशेब पुढे सरकतो. मुलीच्या शरीरात रोज सरासरी साडेतीन मिलिग्रॅम लोह पिशव्यांतून येतं. २०० मिलिग्रॅम औषध, मोठ्या अभ्यासांत दिसलेल्या परिणामकारकतेनुसार, रोज साधारण चार मिलिग्रॅम बाहेर काढतं. रोज दिलं तर जमेपेक्षा खर्च थोडा जास्त. आठवड्यातून दोन दिवस चुकलं तर सरासरी २.९ वर येते आणि रोज अर्ध्या मिलिग्रॅमहून अधिक लोह आतच राहतं. “दोन दिवस सुटले तर काय होतं?” या प्रत्येक घरातल्या प्रश्नाचं उत्तर इथे आकड्यात मिळतं. प्रत्यक्षात मुलामुलांत फरक असतो, पण गणिताची दिशा हीच.

याच गणितात पालकांकडून होणारी दुसरी गफलतही सापडते. औषध नेमाने चालू असतं, पण वजन वाढलं तरी मात्रा तीच राहते. मुलगी १४ किलोची झाली आणि गोळी २००चीच, तर किलोमागे फक्त १४ मिलिग्रॅम झाले. रक्त मात्र वजनाप्रमाणे वाढवलेलं असतं. फेरिटिन चढू लागतं आणि घरचे म्हणतात, औषध लागू पडत नाही. दर तीन महिन्यांनी वजनाला मात्रा जुळवून घ्यायची, हे वहीतच लिहून ठेवलेलं बरं.

गोळी द्यायची पद्धत सोपी आहे, पण नेमकी. जेवणाच्या निदान अर्धा तास आधी, रिकाम्या पोटी, रोज एकाच वेळी. साधारण अर्धा पेला पाण्यात किंवा संत्र्याच्या रसात गोळी टाकून पूर्ण विरेपर्यंत ढवळायची आणि पाजायची. तळाशी गाळ राहतो. त्यात घोटभर पाणी घालून तोही पाजायचा, कारण औषध त्या गाळातच उरलेलं असतं. या औषधाची गिळायची, वेष्टन असलेली गोळीही मिळते आणि तिची मात्रा कमी असते. विरघळणाऱ्या गोळीचे २० मिलिग्रॅम म्हणजे वेष्टनवाल्या गोळीचे १४. दुकानदाराने “तेच औषध आहे” म्हणून तितक्याच मिलिग्रॅमची दुसरी गोळी दिली तर मात्रा एकदम वाढते. पाकिटावर कोणती गोळी लिहिली आहे, हे दर वेळी बघायला हवं.

या पानावर लाल शाईत एक चौकट आहे. मुलीला उलट्या, जुलाब किंवा जोराचा ताप असेल आणि ती पाणी पीत नसेल, तर डेफरासिरॉक्स त्या दिवशी द्यायचं नाही आणि डॉक्टरांना फोन करायचा. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना हे औषध मूत्रपिंड आणि यकृताला गंभीर इजा करू शकतं. एरवी दर महिन्याला रक्तासाठी येईल तेव्हाच क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या आणि लघवीतलं प्रथिन बघतात. वर्षातून एकदा डोळे आणि कान. रोज चुकवू नका सांगणारं पत्र इथे थांबवा असं सांगतं, आणि पालकांनी दोन्ही सूचना सारख्याच गांभीर्याने घ्यायच्या आहेत.

डेफरासिरॉक्स एकटं पुरलं नाही किंवा सोसलं नाही तर आणखी दोन औषधं आहेत. सर्वांत जुनं डेस्फेरिऑक्सामिन. ते पोटात घेऊन उपयोग नाही. पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली बारीक सुई घालून छोट्या पंपाने रात्रभर, आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच ते सात रात्री द्यावं लागतं. एका पिढीने हे केलं, आणि ज्यांनी नेमाने केलं ते जगले. पण पंप महाग, औषध महाग आणि रोज रात्री मुलाला टोचायचं. भारतातल्या बहुतेक घरांना ते झेपलंच नाही. म्हणून डेफरिप्रोन या गोळीचं महत्त्व इथे फार होतं. मुंबईत डॉ. एम. बी. अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर केलेलं काम १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं आणि १९९०च्या दशकाच्या मध्यात भारतात ती बाजारात आली. युरोपात तिला १९९९ मध्ये परवानगी मिळाली, अमेरिकेत २०११ मध्ये.

डेफरिप्रोन हृदयातलं लोह काढायला विशेष चांगलं. दिवसातून तीनदा द्यावं लागतं. त्याने लघवी लालसर तपकिरी होते. ते रक्त नव्हे, बाहेर पडणारं लोह आहे. पण शंभरातल्या साधारण एका रुग्णात ते जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकदम जवळपास शून्यावर आणतं. म्हणून हे औषध चालू असताना ताप आला किंवा घसा दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजायच्या. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही.

हिशेब जमतोय की नाही, हे कळायला दर तीन महिन्यांनी फेरिटिन तपासतात. ते ५०० ते १,०००च्या आसपास राहिलं तर उत्तम. सतत २,५००च्या वर असेल तर हृदयाचा धोका वाढतो. मात्र एकाच अहवालावर भरवसा ठेवायचा नाही. समजा अहवाल १,१००, १,२५० आणि मग एकदम २,९०० आला. घरात घबराट. पण त्या आठवड्यात मुलीला डेंग्यू झाला होता, आणि संसर्गात किंवा यकृताला सूज आली की फेरिटिन आपोआप चढतं. पुढचा अहवाल १,३०० आला की लक्षात येतं, लोह तेवढंच होतं. म्हणून बघायची ती वर्षभराच्या आकड्यांची चढण किंवा उतरण.

फेरिटिनची दुसरी मर्यादा जास्त गंभीर आहे : हृदयात किती लोह आहे, हे ते सांगत नाही. फेरिटिन बरं दिसणाऱ्या मुलाच्याही हृदयात लोह असू शकतं. त्यासाठी एमआरआयची टी-टू-स्टार नावाची मोजणी लागते. लंडनच्या डॉक्टरांनी ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली. हृदयाचा आकडा २० मिलिसेकंदांच्या वर असेल तर ठीक; १०च्या खाली गेला तर हृदय कधीही थकू शकतं, इकोचा अहवाल चांगला आला असला तरी. मुलगी न हलता पडून राहू शकेल त्या वयात, आठ-दहा वर्षांची झाल्यावर, ही तपासणी सुरू करायची आणि पुढे ठरावीक काळाने करत राहायची.

या मोजणीने काय बदललं, हे ब्रिटनच्या नोंदींतून दिसतं. डॉ. बर्नाडेट मॉडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं, की रक्त आणि पंप दोन्ही उपलब्ध असूनही तिथले निम्मे रुग्ण पस्तिशीच्या आत दगावत होते, बहुतेक हृदयातल्या लोहामुळे आणि बहुतेकदा औषध नेमाने न घेतल्यामुळे. २००८ मध्ये त्यांनीच पुन्हा नोंदी तपासल्या. हृदयातलं लोह मोजता येऊ लागलं, त्यानुसार औषध वाढवलं गेलं, आणि लोहामुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर सुमारे ७० टक्क्यांनी घसरला होता. औषधं बहुतेक जुनीच होती.

औषध सुटतं ते मुख्यतः तेराव्या ते विसाव्या वर्षी. लहानपणी आई पाजते. पुढे मुलगा वसतिगृहात जातो, मुलगी मैत्रिणींपासून आजार लपवते, गोळ्या कपाटात साचतात. म्हणून डॉक्टरांचं सांगणं असं, की सहाव्या-सातव्या वर्षापासूनच मुलीला स्वतःची वही भरू द्या. आपलं फेरिटिन किती आहे, हे तिला तिच्या तोंडाने सांगता आलं पाहिजे.

शेवटच्या पानावर बाकीच्या गोष्टी थोडक्यात येतात. लोहाचं टॉनिक कायमचं बंद. ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्वतःहून द्यायच्या नाहीत, कारण त्या साठलेलं लोह मोकळं करतात; रोजच्या जेवणातलं लिंबू, आवळा चालेल. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण करायची. सख्खं भावंड असेल तर त्याची एचएलए जुळणी करायची, कारण भावंड जुळण्याची शक्यता चारात एक असते आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण जितक्या लहान वयात, लोहाने यकृत बिघडण्याआधी होईल तितकं यशस्वी होतं. कोल इंडियाच्या निधीतून २०१७ पासून चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून त्यासाठी दहा लाखांपर्यंत मदत मिळते. मुंबईत महापालिकेचं थॅलेसेमिया आणि प्रत्यारोपण केंद्र बोरिवलीत आहे. प्रत्यारोपण होणार असो वा नसो, तोवरचं लोहाचं औषध एक दिवसही सैल सोडायचं नाही. दुसरं मूल हवं असेल तर गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेच्या नमुन्यावरून तपासणी होते. त्यासाठी दोघांच्या जनुकांतला नेमका दोष आधी शोधून ठेवावा लागतो, म्हणून गरोदर राहण्याआधीच भेटायचं.

आणि मामा, काका, आत्या, मावशी यांच्यासाठी वेगळी ओळ आहे. त्यांना बाळासाठी रक्त द्यायचं असतं आणि ते घेतलं जात नाही, कारण जवळच्या नातलगाच्या रक्ताने पुढे प्रत्यारोपणात अडचण येऊ शकते. त्यांनी दोन कामं करावीत. स्वतःची एचपीएलसी करून घ्यावी. लग्न व्हायचं असेल तर लग्नाआधी. आणि रक्तदानाला पात्र असतील त्यांनी मे महिन्यात, शिबिरं बंद असताना, जवळच्या रक्तपेढीत जाऊन कुणा दुसऱ्याच्या मुलासाठी रक्त द्यावं. हा लेख वाचणाऱ्यांनाही दोन्ही कामं लागू आहेत.